रोजचं वजन खोटं बोलतं: गूगल शीटमध्ये आठवड्याची सरासरी कशी काढायची

सोमवार, ७ जुलै २०२५. सकाळी काट्यावर उभा राहिलो, आकडा आला ७८.७ किलो. दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी, २३ जूनला, हाच काटा ७८.६ दाखवत होता. म्हणजे चौदा दिवस मोजूनमापून खाल्लं, ऑफिसातला चारचा वडापाव सोडला आणि वजन उलट शंभर ग्रॅमने वाढलं! त्याच रात्रीपासून जेवण निम्म्यावर आणायचं मी ठरवूनही टाकलं होतं. आदल्या वर्षी असंच केलं होतं आणि अकराव्या दिवशी सगळं सोडून दिलं होतं.

या वेळी एक फरक होता. रोजचे आकडे मी एका साध्या शीटमध्ये लिहीत होतो. रूममेट म्हणाला, "अरे, आधी सरासरी तर बघ." बघितली. २३ जूनच्या आठवड्याची सरासरी ७८.१९ आणि ३० जूनच्या आठवड्याची ७७.८०. म्हणजे वजन जवळपास चारशे ग्रॅमने उतरलं होतं, आणि मी ते वाढलंय समजून उपाशी राहायला निघालो होतो.

ही शीट कशी बनवायची, तिच्यातले आकडे कसे वाचायचे आणि ती कुठे फसवते, हे या लेखात सांगतो. फोनवरचं गूगल शीट्स पुरेसं आहे. फॉर्म्युले टाकताना एकदा लॅपटॉप मिळाला तर सोपं पडतं, पण अडत नाही.

एका रात्रीत किलोभर वाढतं तरी कसं?

आदल्या दिवशी, रविवारी, आषाढी एकादशी होती. मावशीकडे साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि बटाट्याचे वेफर्स. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण उगाच नाही पडलेली. शीटमध्ये त्या दिवशी मी अंदाजे २,९०० कॅलरी लिहिल्या होत्या.

आता हिशोब करा. रविवारी सकाळी ७७.६, सोमवारी ७८.७, म्हणजे १.१ किलोची उडी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. १.१ किलो चरबी वाढायला रोजच्या गरजेच्या वर साधारण साडेआठ हजार कॅलरी खाव्या लागतील. तेवढं पोटात जायला मावशीचं पातेलं मला एकट्याला संपवावं लागलं असतं.

मग वाढलं काय? मुख्यतः पाणी, आणि पोटात अजून असलेलं अन्न. साबुदाणा, रताळं, बटाटा यांतली पिठूळ साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजन म्हणून साठवतं. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. वेफर्समधलं मीठही पाणी धरून ठेवतं. हे पाणी दोन-तीन दिवसांत उतरतं. माझं बुधवारी ७७.६ वर परत आलं होतं.

त्यामुळे काट्यावरचा आकडा म्हणजे चरबी अधिक पाणी अधिक पोटातलं अन्न. चरबी आठवड्याला दोन-चारशे ग्रॅमने हलते, तर पाणी एका रात्रीत किलोभर. एकच दिवस बघितला की आपण पाणीच बघत असतो. सात दिवसांची सरासरी घेतली की पाण्याची वरखाली बरीचशी एकमेकांत जिरते आणि खालचा हळू बदल दिसायला लागतो.

पहिली शीट: रोजची नोंद

नवीन शीट उघडा आणि खालच्या टॅबला `Daily` असं नाव द्या. नाव तंतोतंत हेच ठेवा, कारण पुढच्या फॉर्म्युल्यात ते येणार आहे. पहिल्या ओळीत पाच शीर्षकं लिहा: A मध्ये तारीख, B मध्ये वजन, C मध्ये कॅलरी, D मध्ये पावलं, E मध्ये टीप.

टीपेचा रकाना लोक गाळतात, पण माझ्या मते तो सगळ्यात कामाचा आहे. "एकादशी, मावशीकडे", "रात्री बाराला बिर्याणी", "सर्दी", "झोप चार तास" असे दोन-तीन शब्द पुरतात. महिन्याभराने एखादा विचित्र आकडा दिसला की त्याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

वजन सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी घ्या. काटा रोज त्याच जागी, कडक फरशीवर ठेवा. सतरंजीवर किंवा मॅटवर ठेवला तर आकडा चुकतो. गावी गेल्यावर घरच्या काट्यावरचं वजन या रकान्यात घालू नका. दोन काट्यांमध्ये अर्ध्या किलोचा फरक सहज असतो आणि तो तुमच्या महिन्याभराच्या प्रगतीएवढा असू शकतो. ते दिवस रिकामे सोडा.

पावलं फोनमधल्या हेल्थ ॲपमधून दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवून घ्या, म्हणजे दिवस पूर्ण झालेला असतो. फोन चार्जिंगला लावून घरभर फिरलात तर ती पावलं मोजली जात नाहीत. चालायचंच. रोज थोडीफार तशीच सुटत असतील तर तुलना बिघडत नाही. पण मध्येच मनगटावर नवीन बँड घेतलात तर टीपेत नक्की लिहा, कारण त्या दिवसापासून आकडा चालण्यामुळे बदललाय की यंत्रामुळे, हे नंतर कळणार नाही.

कॅलरीबद्दल मी फार कडक नाही. एक गोष्ट मात्र करा: स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर भाकरीऐवजी तिचं पीठ मोजा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० कॅलरी धरतात. ६० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे २१० कॅलरी, मग ती पातळ असो की जाड. आणि तेल विसरू नका. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि मेसच्या भाजीवर तरंगणारं तेल कुणी मोजत नाही. डब्याचा अंदाजच करावा लागतो. तो रोज एकाच पद्धतीने करा. याचं महत्त्व पुढे कळेल.

दुसरी शीट: आठवड्याची सरासरी

आता दुसरा टॅब जोडा आणि त्याला `Weekly` नाव द्या. A1 पासून शीर्षकं: आठवडा, वजन, कॅलरी, पावलं, दिवस, बदल. A2 मध्ये तुमच्या पहिल्या सोमवारची तारीख टाका. A3 मध्ये हे लिहा आणि खालच्या ओळींत कॉपी करा:

```
=A2+7
```

म्हणजे पुढचे सगळे सोमवार आपोआप तयार होतात. आता B2 मध्ये मुख्य फॉर्म्युला:

```
=IFERROR(AVERAGEIFS(Daily!B:B,Daily!$A:$A,">="&$A2,Daily!$A:$A,"<"&$A2+7),"")
```

याचा अर्थ सरळ आहे. `Daily` मधल्या ज्या ओळींची तारीख या सोमवारी किंवा त्यानंतरची आहे, पण पुढच्या सोमवारच्या आधीची आहे, त्यांच्या वजनाची सरासरी काढ. अजून न आलेल्या आठवड्यात काहीच नसेल तर एरर न दाखवता सेल रिकामा ठेव. हा सेल कॉपी करून C2 आणि D2 मध्ये पेस्ट केलात की तोच फॉर्म्युला कॅलरीची आणि पावलांची सरासरी देतो. कारण `$A` ला डॉलर लावून आपण तारखेचा रकाना जागेवर बांधला आहे आणि `B:B` मात्र मोकळा सोडला आहे. तो उजवीकडे सरकतो.

E2 मध्ये त्या आठवड्यात किती दिवस वजन केलं ते मोजू:

```
=COUNTIFS(Daily!$A:$A,">="&$A2,Daily!$A:$A,"<"&$A2+7,Daily!$B:$B,">0")
```

आणि F3 मध्ये मागच्या आठवड्यापेक्षा किती फरक पडला ते:

```
=IF(OR(B2="",B3=""),"",B3-B2)
```

B ते E दुसऱ्या ओळीपासून आणि F तिसऱ्या ओळीपासून खाली कॉपी करा. झालं. यापुढे रोज सकाळी फक्त `Daily` मध्ये एक ओळ भरायची.

सोमवार ते रविवारच का? असा आठवडा घेतला की प्रत्येक सरासरीत एकच शनिवार आणि एकच रविवार येतो. आपल्यातल्या बहुतेकांचं खाणं बिघडतं ते शनिवार-रविवारी. दहा दिवसांची सरासरी घेतलीत तर एकीत दोन शनिवार-रविवार येतील, दुसरीत एकच, आणि तुलना लंगडी होईल.

माझे तीन आठवडे

| वार | २३ जूनपासून | ३० जूनपासून | ७ जुलैपासून |
|---|---|---|---|
| सोम | ७८.६ | ७८.५ | ७८.७ |
| मंगळ | ७८.२ | ७८.० | ७८.२ |
| बुध | ७८.४ | ७७.७ | ७७.६ |
| गुरु | ७७.९ | ७७.९ | ७७.३ |
| शुक्र | ७८.१ | ७७.४ | ७७.२ |
| शनि | ७७.८ | ७७.५ | ७६.९ |
| रवि | ७८.३ | ७७.६ | ७७.० |
| सरासरी | ७८.१९ | ७७.८० | ७७.५६ |

पहिली ओळ आडवी वाचा: ७८.६, ७८.५, ७८.७. दर सोमवारी एकदाच वजन करणाऱ्या माणसाने यावरून काय समजायचं? काहीच होत नाहीये, डाएट बंद. शेवटची ओळ वाचा: दर आठवड्याला उतरतंय. माणूस तोच, काटाही तोच. सोमवारी तर शनिवार-रविवारचं मीठ आणि पाणी अंगात असतंच, त्यामुळे आठवड्यातून एकदाच वजन करायला सोमवार म्हणजे मुहूर्त काढून निवडलेला चुकीचा दिवस.

सरासरी ही जादू मात्र नाही. तिसऱ्या आठवड्यात घट ०.२४ किलोच दिसते, आदल्या आठवड्यात ०.३९ होती. माझा वेग मंदावला का? त्यातला एकटा सोमवार काढून टाकला तर उरलेल्या सहा दिवसांची सरासरी ७७.३७ येते. म्हणजे एका एकादशीने आठवड्याची सरासरी जवळपास दोनशे ग्रॅमने वर ओढली. म्हणून दोन सरासऱ्यांवरून निर्णय घेऊ नका. चार-पाच आठवड्यांचा उतार बघा.

आणि आठवडा पूर्ण होईपर्यंत त्याच्या सरासरीकडे बघूच नका. ही चूक मीच केली. ८ जुलैला, मंगळवारी, शीट उघडली तर चालू आठवडा ७८.४५ दाखवत होता, म्हणजे ०.६५ किलोची वाढ! कारण त्यात तेव्हा फक्त सोमवार आणि मंगळवार होते. E रकान्यात २ दिसत होतं, मीच बघितलं नाही. आता माझा नियम असा: E मध्ये पाचपेक्षा कमी आकडा असेल तर ती ओळ वाचायची नाही.

शीट खोटं कधी सांगते

पहिलं म्हणजे रिकामा सेल आणि शून्य यांतला फरक. सरासरी काढताना शीट रिकामे सेल सोडून देते, पण शून्य मात्र मोजते. समजा पाच दिवस १,८०० कॅलरी लिहिल्या आणि शनिवार-रविवारी मोजायचा कंटाळा आला म्हणून ० टाकलं, तर सरासरी १,२८६ येईल. वाचून वाटेल आपण तर सन्याशी झालो.

मग रिकामं सोडलं तर बरोबर येईल? वजनाच्या रकान्यात बऱ्यापैकी चालतं, कॅलरीच्या रकान्यात नाही. आपण मोजायचं सोडतो ते बाहेर जेवलो त्याच दिवशी. दोन्ही दिवशी प्रत्यक्षात २,८०० झाल्या असतील तर खरी सरासरी २,०८६ आहे, पण शीट १,८०० दाखवेल. त्यामुळे लग्नाला गेलात, पार्टी झाली, तरी काहीतरी अंदाज लिहा, आणि तो जरा चढाच धरा. चुकीचा अंदाजही रिकाम्या सेलपेक्षा बरा.

दुसरी भानगड टायपिंगची. एखाद्या सेलमध्ये `77.4 kg` किंवा `77,4` लिहिलंत तर शीट तो मजकूर धरू शकते आणि तक्रार न करता सरासरीतून वगळते. नुसता आकडा लिहा, इंग्रजी अंकांत आणि टिंब देऊन. ओळखायची खूण सोपी आहे: सेलची मांडणी आपण बदलली नसेल तर आकडे उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. डावीकडे चिकटलेला आकडा दिसला की तिथे घोळ आहे.

तारखेचंही तसंच. शीटचा देश अमेरिका असेल तर `05/07/2025` म्हणजे ती ७ मे समजेल, आणि `13/07/2025` तिला तारीखच वाटणार नाही. मग तुमचे दिवस भलत्याच आठवड्यात जातात किंवा गायब होतात. लॅपटॉपवर `File` मधल्या `Settings` मध्ये जाऊन `Locale` ला `India` निवडा. E रकान्यात सातऐवजी तीन-चार दिवस दिसायला लागले, पण तुम्ही तर रोज नोंद केली आहे, तर आधी तारखा तपासा.

तुमच्या शरीराला रोज किती लागतं, हे शीटच सांगते

सुरुवातीला मी ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये वय, उंची, वजन भरलं आणि "मध्यम हालचाल" निवडलं. उत्तर आलं, रोज २,७०० च्या आसपास खाल्लं तर वजन स्थिर राहील. पण तो आकडा माझ्यासारख्या सरासरी माणसाचा असतो, माझा नाही. शिवाय दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणाऱ्याने "मध्यम" निवडणं हाच एक विनोद.

पाच आठवड्यांच्या नोंदी झाल्यावर हे थेट मोजता येतं. ९ जूनच्या आठवड्याची माझी सरासरी ७८.८२ होती, ७ जुलैच्या आठवड्याची ७७.५६. मध्ये २८ दिवस, घट १.२६ किलो. त्या पाच आठवड्यांत मी लिहिलेल्या कॅलरींची सरासरी १,९३०. `Weekly` मध्ये हे आठवडे ओळ २ ते ६ मध्ये असतील तर:

```
=AVERAGE(C2:C6)+(B2-B6)*7700/28
```

उत्तर येतं २,२७६. म्हणजे रोज साधारण साडेतीनशे कॅलरींची तूट पडत होती आणि २,३०० च्या आसपास खाल्लं असतं तर वजन जागेवर राहिलं असतं. शंभरेक कॅलरी इकडेतिकडे धरा. ७,७०० हा आकडाच ढोबळ आहे. पण कॅल्क्युलेटरवर विसंबून "२,७०० पैकी चारशे कमी" म्हणून २,३०० खाल्ले असते तर वजन हललंच नसतं आणि मी माझ्या चयापचयाला शिव्या घातल्या असत्या.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. मेसच्या भाजीतलं तेल मी नक्कीच कमी धरत असणार. समजा रोज दोनशे कॅलरी माझ्या नोंदीतून निसटतात. मग माझी खरी गरज २,४७६ असेल. पण मी पुढेही तेवढंच कमी लिहिणार असेन तर मला कामाचा आकडा २,२७६ हाच आहे, कारण तो माझ्याच चुकीच्या फूटपट्टीने मोजलाय आणि पुढचं मापही त्याच फूटपट्टीने होणार आहे. म्हणून अंदाज अचूक नसला तरी चालतो, पण पद्धत मध्येच बदललेली चालत नाही. घरचं जेवण सुटून मेस लागली, किंवा उलट, तर तिथून पुन्हा चार आठवडे मोजा.

पावलं या हिशोबात धरली नाहीत, ते मुद्दाम. या आकड्यात तुमचं नेहमीचं चालणं आलेलंच आहे. ॲप "आज चालून ३०० कॅलरी जाळल्या" म्हणतं, तेवढं वरून खाल्लंत तर तेच चालणं दोनदा मोजलं जाईल. पावलांच्या सरासरीचा उपयोग वेगळा. ऑफिसच्या दिवशी माझी नऊ हजार होतात, घरून काम असलं की तीन हजारही होत नाहीत. जुलैत पावसामुळे आठवडाभर घरून काम केलं, तेव्हा सरासरी ७,४०० वरून बरीच खाली आली. वजनाचा उतार तीन-चार आठवडे सपाट झाला आणि कॅलरी तेवढ्याच आहेत, असं दिसलं तर जेवण कापण्याआधी मी D रकाना बघतो.

कुणाला कसं लागू होतं

माझ्या बहिणीला हीच शीट दिली तेव्हा तिने पहिल्याच महिन्यात चूक दाखवली. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींच्या अंगात पाणी साठतं आणि ते आठवडाभर टिकू शकतं. अशा वेळी आठवड्याची सरासरीसुद्धा वर जाते, चरबी वाढलेली नसताना. तिने E शेजारी आणखी एक रकाना करून पाळीचा कितवा दिवस आहे ते लिहायला सुरुवात केली, आणि ती आता सलग आठवड्यांची तुलना करतच नाही. या महिन्यातला पाळीनंतरचा आठवडा आणि मागच्या महिन्यातला पाळीनंतरचा आठवडा, एवढंच बघते.

जिम नव्याने सुरू केलेल्यांना किंवा क्रिएटिन घेणाऱ्यांनाही पहिले काही आठवडे असंच होतं. स्नायूंत पाणी वाढतं, वजन थांबतं. तेव्हा आठवड्यातून एकदा टेपने कंबर मोजून टीपेत लिहा. वजन थांबलंय आणि कंबर कमी होतेय, तर शीट बिघडलेली नाही.

उलट, काहीच न करता सरासरी महिनाभर खाली जात असेल तर शीट बंद करून डॉक्टरांकडे जा; ते शोधायचं काम फॉर्म्युल्याचं नाही. आणि रोज सकाळी काट्यावर उभं राहण्याने दिवस खराब जात असेल, जेवताना भीती वाटत असेल, तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही.

माझी शीट अजून चालू आहे. `Daily` मध्ये मी B रकान्याचा रंग फिकट राखाडी करून ठेवलाय, म्हणजे आकडा भरता येतो पण डोळ्यात भरत नाही. `Weekly` उघडायची ती फक्त सोमवारी, नवीन आकडा भरून झाल्यावर, आणि तीही मागच्या आठवड्याच्या ओळीसाठी.